पडदा फिरवणारी

जयाला राग आला की तांड्यातली कुत्रीसुद्धा रस्ता बदलतात, असं तिचा नवरा सेवादास सांगतो, आणि सांगताना स्वतःही दोन पावलं मागे सरकतो. तो राजूरच्या कोळसा खाणीत कामाला आहे, सुट्टी मिळाली की दिग्रसजवळच्या आपल्या तांड्यावर येतो. म्हणजे बायकोचा राग त्याला हप्त्याहप्त्याने मिळतो. बाकीच्यांना रोज. दूध पातळ घालणाऱ्यापासून ते पंचायतीच्या सचिवापर्यंत प्रत्येकाने जयाची तोफ एकदा तरी झेललेली आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बहुतेकांची ती लायकीच होती.

पण मी सांगतो तो राग वेगळा. तो दोन वर्षं तिच्या पोटात खदखदत होता आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती, कारण ज्या गोष्टीसाठी तिला दोषी ठरवलं होतं ती तिने केली नव्हती आणि तसं दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं. माणूस चुकला असेल तर निदान मान खाली घालून बसता येतं. न चुकलेल्या माणसाने मान कुठे ठेवायची?

तांड्याच्या मरियामाच्या ठाण्यात, देवीच्या मागे भिंतीवर एक पडदा असे. पडदा म्हणायचं, पण ती होती सतरंजीच्या विणीची जाड सुती वस्तू, भिंतभर लांब. लाल जमिनीवर निळ्या बैलांची रांग आणि प्रत्येक बैलाच्या पाठीवर पांढऱ्या गोण्या. गोर लोक, म्हणजे बंजारे, बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत होते, तेव्हाची ती आठवण. वऱ्हाडातल्याच कोणा विणकराने ती हातमागावर विणून दिली, असं म्हातारे सांगत. या रांगेत एक बैल उलटा होता. सगळे एकीकडे तोंड करून चाललेले, आणि हा एकटाच मागे बघतोय. विणकराची चूक असणार, पण तांड्याने तिची गोष्ट केली. म्हणे तो बैल इथे अडला, पुढे जाईना, म्हणून आपले वाडवडील इथेच राहिले. लहान पोरांना देवीच्या आधी हा बैल दाखवायची पद्धत होती.

दुसरी पद्धत त्याहून न्यारी. दर दसऱ्याला देवीपुढे निखाऱ्यांवर भोग लावायच्या आधी पडदा उतरवायचा, झटकायचा आणि पालटून लावायचा. हातमागावरची ती वीण दोन्ही बाजूंनी सारखीच दिसे, सुलटी कोणती नि उलटी कोणती हे कोणाला सांगता येऊ नये अशी. फक्त बाजू पालटली की बैलांची दिशा पालटे. एक वर्ष बैल जायचे, एक वर्ष परत यायचे. खिडकीतून येणारं ऊनही मग दोन्ही अंगांना सारखंच खाई. हा मान जयाच्या सासूच्या, हंसाबाईच्या घराचा होता. एक टोक सासूने धरायचं, दुसरं सुनेने. बाकी कोणी पडद्याला हात लावायचा नाही, तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकानेसुद्धा नाही. जया लग्न होऊन आली त्या पहिल्याच दसऱ्याला हंसाबाईने तिच्या हातात टोक दिलं होतं. पुसदकडच्या तांड्यातून आलेल्या पोरीला त्या दिवशी वाटलं, आता हे घर आपलं.

मग ठाण्याभोवती सभामंडप बांधायचं निघालं. पुढाकार संजयचा. हा हंसाबाईच्या मयत जावेचा मुलगा, हंसाबाईनेच वाढवलेला, आता देवस्थान कमिटीचा अध्यक्ष. पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटावं. बांधकामाची धूळ नको म्हणून पडदा उतरवून हंसाबाईच्या पेटीत ठेवला. पावसाळ्याआधी जयाने तो एक दिवस सावलीत वारा द्यायला काढला आणि घडी करून परत ठेवला. मग संजय आला आणि म्हणाला, कापड जुनं झालं, नागपुरात एक माणूस आहे, तो मागून मजबूत अस्तर लावून देतो. पडदा गेला. दोनेक महिन्यांनी परत आला, मागे जाड अस्तर शिवलेला, आणि हंसाबाईने व संजयने मिळून नव्या मंडपात देवीमागच्या उंच भिंतीवर चढवला.

लाल रंग गेलेला होता. विटकरी, पाणी मारल्यासारखा.

लोक कुजबुजायला लागले तेव्हा संजय खाली बघत, अगदी नाइलाजाने बोलतोय अशा सुरात म्हणाला, "नागपूरवाला म्हने का याले कोनंतरी सोड्यात धुतलं हाय. मी कायले कोनाचं नाव घेऊ."

नाव घ्यायची गरजच नव्हती. पेटी कोणाच्या घरात? वाळत घालताना कोणाला पाहिलं? साऱ्या बायकांच्या नजरा एकीकडे वळल्या. जया ओरडली, रडली, देवीची शपथ घेतली.  हंसाबाई शेवटी एवढंच म्हणाली, "आता तू पडद्याले हात लावू नको." भर तांड्यासमोर म्हणाली. जयाने तिथेच सांगितलं, "मंग मी या मंडपाची पायरीच नाई चढत," आणि तिने ते पाळलं. तेव्हापासून भोगाचा गूळ-तुपाचा शिरा हलवायलाही तिला कोणी बोलावलं नाही. नळावर गेली की बायका म्हणत, "जये, आमची गोधडी धुशीन का वो?" आणि हसत. अस्तरामुळे पडदा पालटायचीही सोय राहिली नाही. दोन दसरे बैल एकाच दिशेला चालत राहिले.

घरात जीव घुसमटायला लागला तेव्हा तिने दिग्रसला काम धरलं. रोज सकाळची एसटी. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, जिनिंगच्या गोदामांना लागून विठ्ठलराव म्हणून एक गृहस्थ जुन्या कापडाचा धंदा करतात. आसपासच्या गावांतून नि तांड्यांतून जुन्या सतरंज्या, भिंतीवरचे पट, गोधड्या, झुली विकत घ्यायच्या, झाडून, सांधून शहरातल्या शौकिनांना विकायच्या. सोबत नवा स्वस्त मालही ठेवतात, जत्रेतल्या दुकानदारांसाठी. जयाला त्यांनी छाटणीला बसवलं. हातचं एकीकडे, यंत्रावरचं दुसरीकडे.

पहिल्याच आठवड्यात तिने मखमली हरणांचा एक पट हातचा म्हणून वेगळा काढला आणि विठ्ठलराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुसरी कोणी लाजली असती. जया चिडली. "हसून काय होते, काका? दाखवा ना मले, कसं ओळखाचं थे."

म्हाताऱ्याने दाखवलं. तो शिकवताना चिडत नसे, पण एकच गोष्ट दोनदा सांगत नसे, त्यामुळे जयाला कान टवकारून बसावं लागे. कापड उजेडासमोर धर. दोन रंग जिथे उभ्या रेषेत भेटतात तिथे बारीक फट दिसते का बघ. हाताने विणणारा एका रंगाचा धागा तिथपर्यंत नेतो आणि माघारी फिरवतो, दुसरा रंगही तसाच, म्हणून मध्ये फट राहते. यंत्र माघारी फिरत नाही. त्याला नको असलेला रंग ते कापडाच्या पाठीमागून ओढत नेतं, म्हणून यंत्राच्या पटाची पाठ धाग्यांनी लोंबती असते आणि चित्र मागून धड दिसत नाही. किनारीवरून बोट फिरव. माणसाचा हात कुठे ताणतो, कुठे सैल सोडतो, किनार आत-बाहेर होते. आणि चूक शोध. हातमागावर चूक एकदाच होते. यंत्रावर झाली तर प्रत्येक नगात, त्याच जागी.

मग रंग. विटलेलं सगळंच जुनं नसतं, हे तिला इथे कळलं. उन्हाने विटलेला रंग वरवर जातो. शिवणीची दुमड उलगडली, धाग्याचा पीळ सोडला की आत मूळ रंग तसाच असतो. मुद्दाम औषधात बुडवून विटवलेला माल आतबाहेर सारखाच फिका. "आन काळ कोनत्याच दोन रंगाइले सारखा नाई खात," विठ्ठलराव म्हणत. नीळ जिथे घासते तिथे पांढुरकी होते, बाकी टिकते. लालाचं गणित वेगळं, जांभळ्याचं त्याहून वेगळं. सगळे रंग एकाच मापाने उतरलेले दिसले की समजायचं, कोणीतरी घाई केली आहे.

एकदा तिने सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "काका, जुना लाल सोड्यात धुतला तं फिका होते काय?"

"आलीच्या झाडाच्या मुळीतून काढलेला असन तं फिका कायचा होते? काळपट होते, जांभळी झाक मारते. काहून?"

"काई नाई," जया म्हणाली. पण त्या दिवशी तिने बसची वाट बघितलीच नाही, रागाच्या भरात अर्ध्या रस्त्यापर्यंत पायी चालत गेली. फिका होत नाही! मग फिका झाला कसा? नागपूरवाल्याने काहीतरी केलं असणार, असं तिला वाटलं, आणि त्या न पाहिलेल्या माणसाला तिने वाटेभर शिव्या घातल्या. तो अस्तर लावणारा बिचारा बहुधा अस्तित्वातच नव्हता.

यंदा दसऱ्याच्या आधी दुकानात जत्रेच्या मालाचा एक मोठा गठ्ठा आला. बाहेरून आलेला, यंत्रावरचा, 'जुना लूक' दिलेला. चहाच्या पाण्यासारखा पिवळट रंग पांढऱ्यावर चढवलेला, पाठीमागे जाड अस्तर. जयाने सुतळी कापली आणि पहिला नग उलगडला.

निळे बैल. पिवळट गोण्या. विटकरी लाल. आणि रांगेत एक बैल मागे बघणारा.

तिने दुसरा उलगडला. त्यातही तो मागे बघत होता, त्याच जागी. तिसरा, चौथा. गठ्ठ्यातले सगळे नग तिने जमिनीवर फेकले आणि दुकानभर तो उलटा बैल पसरला. तांड्याची पोरं देवीआधी ज्याला बघतात तो बैल जत्रेत भेळेच्या गाडीशेजारी लटकणार होता. विठ्ठलराव धावत आले.

"अवो जयाबाई, काय करून राह्यली हे?"

"हा बैल कोनी देल्ला यायले?"

"मले काय मालूम? मूळ पट कोनाकडं तरी असन. त्याचा फोटो काढतेत, यंत्रात घालतेत, पाह्यजे तेवढे काढतेत."

"फोटो काढाले मूळ पाह्यजे ना हातात?"

"हाव. आन मूळ असा कोन सोडते? घेतला असन कोनं तरी चांगला दाम मोजून." म्हातारा बोलता बोलता थांबला. जयाच्या चेहऱ्याकडे बघून त्याने चष्मा काढला. "पोरी, तुमच्या तांड्याचा तं नाई ना?"

 जया एका नगाचं अस्तर दातांनी फाडत होती. आतून धाग्यांचं जंजाळ बाहेर आलं, लाल, निळे, पिवळट लोंबते दोरे. मग तिला समजलं की नागपूरवाल्याने तिचा पडदा बिघडवलेलाच नाही. तिचा पडदा परत आलाच नव्हता. आणि न आलेल्या पडद्याचा रंग घालवल्याबद्दल तिने दोन वर्षं टोमणे खाल्ले होते.  संजय आत्ता समोर असता तर तिने काय केलं असतं ते न सांगितलेलं बरं.

विठ्ठलरावांनी तिला तो फाडलेला नग तसाच नेऊ दिला. एवढंच म्हणाले, "भांडन माह्या दुकानापर्यंत आनू नको." धंदेवाला माणूस, त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा जयानेही केली नाही.

दसऱ्याला सकाळी तांडा मंडपात जमला. भोगाची तयारी झालेली, निखारे फुललेले, नायक देवसिंग पागोटं बांधून पुढे बसलेला, संजय माइकची वायर तपासत होता. नव्या फरश्या चकचकीत पुसलेल्या. दारावर दगडी पाटी, त्यावर मंडप बांधून देणाऱ्या दात्याचं नाव, नागपूरच्या कोणा व्यापाऱ्याचं. ते नाव सगळ्यांनी रोज वाचलं होतं आणि कोणालाही त्यात वावगं दिसलं नव्हतं.

जया आली आणि सरळ पायऱ्या चढून आत गेली. दोन वर्षांनी. 

"नायक, मले पडदा खाली पाह्यजे," ती म्हणाली.

"वैनी, आज सनाचा दिवस हाय," संजय गोड हसला, "मंग बोलू आपन."

"तू चूप. मी नायकाले बोलून राह्यली."

देवसिंग चुळबुळला. "जये, पडद्याले तुले मना हाय ना बाई?"

"पडद्याले मना हाय. हा पडदाच नोहे." आणि तिने पिशवीतून दुकानातला नग काढून देवीसमोर पसरला. "पाहा. हा आपला उलटा बैल. दिग्रसच्या दुकानात याचा गठ्ठा पडला हाय. साऱ्याइत बैल उलटा, साऱ्याइत एकाच जागी. मानसाच्या हातची चूक अशी होते काय, नायक? मोजून, छापल्यासारखी?"

लोक पुढे वाकले. म्हातारे डोळे बारीक करून बघू लागले. मग सगळ्यांनी मान वर करून भिंतीकडे बघितलं, मग पुन्हा खाली. एक म्हातारी हळूच "अगं माय" म्हणाली.

"कोनंतरी नक्कल केली असन," संजय म्हणाला. त्याचा आवाज अजून गोडच होता. "म्हून आपला खोटा कसा होते?"

"तं अस्तर सोड ना. खरा असन तं दोन्हीकून सारखा दिसन."

"देवीच्या वस्तूले कैची लावाची काय आता?"

"देवीची असन तं मी उद्या तांडा सोडून जातो," जया म्हणाली. "लिहून देतो."

नायकाने हंसाबाईकडे पाहिलं. हंसाबाई भिंतीशी बसली होती, पदर दातात धरून.  मग देवसिंगने मान हलवली आणि दोन पोरांनी शिडी लावून पडदा खाली आणला. जयाने स्वतः त्याला हात लावला नाही. कैची तिने नायकापुढे ठेवली. "तुमीच कापा. मंग म्हनान जयानं काईतरी केलं."

नायकाने शिवण उसवली. अस्तर खाली गळलं आणि मागून तेच निघालं, दोऱ्यांचा लोंबता गुंता, बैलांच्या जागी निळे डाग. पुढच्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या. ज्या पडद्याच्या दोन्ही बाजू त्यांनी आयुष्यभर आलटून पालटून पाहिल्या होत्या, त्याला उलटी बाजू असूच शकत नव्हती.

आता जया थांबायला तयार नव्हती. "आन आता रंग पाहा, ज्याच्यासाठी तुमी मले नळावर हसल्या. ही दुमड पाहा, अस्तराच्या आतली. इथी ऊन पोचते काय? नाई. मंग इथी लाल गडद पाह्यजे ना? इथीबी तेवढाच फिका. हा धागा घ्या, पीळ सोडा. आतूनबी फिका. हा विटलेला नाई, विटवलेला हाय. आन सोडा, सोडा करत होते ना सारे? आपला लाल सोड्यानं जांभळा झाला असता, असा नसता झाला. मी नाई धुतला. कोनीच नाई धुतला. याले पानी लागलं ते चहाचं." ती संजयकडे वळली. "बोल आता. कुठी हाय माह्या देवीचा पडदा?"

संजयने माइक खाली ठेवला. गोडवा एकदम उतरला आणि खालून भलताच माणूस निघाला. "कुठी हाय म्हंजे? तुमी ज्याच्यावर बसले थो काय हाय?" त्याने फरशीवर पाय आपटला. "चिंधी होती चिंधी! उंदरं लागले होते. त्या मानसानं म्हटलं, हे मले द्या, मी मंडप बांधून देतो आन तसाच नवा पडदाबी देतो. मी एक रुपया खिशात घातला असन तं देवी माही जीभ झाडो. इतके वर्ष पावसात भिजत भोग लावत होते तुमी. तवा कोनाले पडदा आठवला?"

"इकाचा होता तं तांड्याले इचारलं काहून नाई?"

"तुमी देल्ला असता?"

"नाई!"

"म्हूनच."

"आन सोडा? थो कायले काढला? माह्या नावानं?"

 "रंग वेगळा दिसला. लोकाइनं इचारलं. काईतरी सांगावं लागे," तो पुटपुटला. काईतरी! एका बाईची दोन वर्षं या माणसाच्या हिशेबी 'काईतरी' होती. मला सांगताना अजून त्याचा गळा धरावासा वाटतो.

मंडपात आवाज चढला, पण जयाला वाटला होता तसा नाही. लोक चिडले, नाही असं नाही. पण बोलता बोलता त्यांच्या नजरा छताकडे, खांबांकडे, पायाखालच्या फरशीकडे जाऊ लागल्या. पडदा कुठे असेल आता? व्यापाऱ्याने पुढे कोणाला विकला, कोणत्या देशात गेला, कोणाला ठाऊक. आणि मंडप परत करता येतो थोडाच. शेवटी देवसिंगने घसा साफ केला. "झालं ते झालं. संजूनं मोठी चूक केली, देवीसमोर दंड भरन. जया, तुह्यावरचा आळ खोटा होता, हे साऱ्या तांड्यानं आयकलं. आता सनाच्या दिवशी भिंत रिकामी नको. जे हाय ते लावू, आन तुह्या घरचा मान तुले परत."

बायकांनी लगेच री ओढली. "हाव वो जये, धर टोक. झालं आता." ज्या नळावर हसत होत्या त्याच.

हंसाबाई उठली. सावकाश पुढे आली, वाकून पडद्याचं एक टोक उचललं आणि दुसरं सुनेच्या दिशेने केलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.  दोन वर्षांत पहिल्यांदा सासूने जयाकडे नीट पाहिलं होतं. तिने टोक धरलं आणि उचललं.

आणि ते नुसतंच वर आलं. एखाद्या लुगड्यासारखं, काही वजनच नसल्यासारखं. जुना पडदा उचलताना दोघींना पदर खोचून, पाय रोवून उभं राहावं लागे, शिडीवर पोचेस्तोवर दंड भरून येत. हा तर अस्तर होतं तेव्हाही हलकाच असणार. जया तशीच थांबली. हा पडदा तिने आज पहिल्यांदाच उचलला होता. पण तो नागपूरहून आला त्या दिवशी भिंतीवर चढवला होता तो हंसाबाईने.

"याडी," ती सासूला हळूच म्हणाली, "तुमी उचलला होता ना हा?"

हंसाबाईने खाली पाहिलं.

"तुमाले तवाच समजलं."

 हंसाबाईने हातातलं टोक पोटाशी धरलं.

"हात लावल्याबरोबर समजलं," हंसाबाई म्हणाली. "मी संजूले इचारलं. थो माह्या पायावर पडला. त्याची माय मेली तवा थो पाळन्यात होता, जये. मी त्याले अंगावर पाजला हाय."

"आन मी?"

"तू पराया घरून आलेली. तुह्यं नाव गेलं तं घरातल्या घरात राहते." म्हातारीचा आवाज तुटला. "त्याचं गेलं असतं तं सारा मंडप गेला असता."

 आता तोफ सुटणार, हे सगळ्यांना माहीत होतं. संजय दाराकडे सरकला. देवसिंगने डोळे मिटले. पण जया ओरडली नाही, आणि तिला ओळखणाऱ्यांना त्याचीच जास्त भीती वाटली.

"धरा," ती सासूला म्हणाली.

"काय?"

"टोक धरा. मान आपल्या घरचा हाय ना? आपन दोघीच लावू."

ती शिडी चढली. हंसाबाई दुसरी शिडी चढली, एका पोराने ती खालून धरली. जयाने आपलं टोक पालटलं, पुढची बाजू भिंतीकडे आणि पाठ बाहेर, आणि खुंटीला घट्ट गाठ मारली. हंसाबाईचा हात थांबला. तिला कळलं होतं. जया तिच्याकडे बघत उभी राहिली, म्हातारीने आपल्या बाजूची गाठ मारेपर्यंत.

देवीच्या मागे भिंतभर दोऱ्यांचा गुंता लोंबत होता. बैल नव्हते, गोण्या नव्हत्या, नुसते निळे-लाल डाग.

"अवो हे काय," देवसिंग उठला, "उलटा लावला!"

"दोन वर्षं झाले, फिरवला नव्हता," जया शिडीवरून उतरत म्हणाली. "आता फिरवला. पुढच्या दसऱ्यापर्यंत कोनं हात नाई लावाचा. रीत हाय."

तिने पदर सारखा केला, भोगाच्या शिऱ्याचं भांडं उचलून बायकांच्या ओळीत बसली आणि हलवायला लागली. शेजारची बाई थोडी सरकून तिला जागा देत होती. संजय दारात उभा होता. आत यायचं तर त्या भिंतीकडे तोंड करूनच यावं लागत होतं.